बाळ दात घेऊनच जन्मले तर?

बाळाला पहिला दात साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात येतो. एखादे बाळ मात्र हिरडीवर दात घेऊनच जन्माला येते, किंवा जन्मानंतर महिनाभरातच त्याचा दात वर येतो. असे झाले की घरात कुजबुज सुरू होते. कोणी म्हणते अपशकुन, कोणी म्हणते मामाला वाईट. मग सुईण किंवा शेजारची जाणती बाई दोऱ्याने दात ओढून काढायला सांगते. धोका दातापेक्षा या घाईत जास्त असतो.

साधारण दोन-तीन हजार बाळांत एखाद्याला असा दात असतो. फ्रान्सचा राजा चौदावा लुई 1638 साली जन्मला तोही दातांसकट. तेव्हा यात शकुन-अपशकुन काही नाही. दाताची कळी हिरडीत नेहमीपेक्षा वर बसलेली असते, म्हणून तो लवकर बाहेर पडतो. बहुधा तो खालच्या हिरडीच्या मधोमध असतो. रंगाने पिवळसर, आकाराने लहान, आणि मूळ तयार झालेले नसल्याने थोडा हलणारा.

हा दात नऊ-दहा बाळांपैकी एखाद्यातच जादा असतो. बाकी बाळांत तो नेहमीचाच दुधाचा दात असतो. तो काढला तर त्या जागी दुसरा दुधाचा दात येत नाही. सहाव्या-सातव्या वर्षी कायमचा दात येईपर्यंत जागा रिकामी राहते, शेजारचे दात तिकडे सरकू शकतात. म्हणून दात घट्ट असेल आणि बाळ नीट पीत असेल, तर त्याला हात लावू नये.

माझ्याकडे तिरोड्याकडच्या एका खेड्यातून तीन दिवसांचे बाळ आणले होते. आजी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, एवढा दात काढून टाका, माझ्या लेकाच्या जिवाला घोर लागला आहे." हा लेक म्हणजे बाळाचा मामा. मी स्वच्छ बोटाने दात हलवून पाहिला. किंचित हलत होता, पण निघण्यासारखा नव्हता. आईच्या स्तनाला जखम नव्हती. बाळ पिताना जीभ खालच्या हिरडीवर पसरते, त्यामुळे खालचा दात आईला सहसा टोचत नाही. मी दात ठेवायला सांगितले.

पण जी जीभ आईला वाचवते, तिलाच दात घासतो. बाराव्या दिवशी बाळ दोन घोट घेऊन रडू लागले. जीभ उचलून पाहिली तर खालच्या बाजूला पांढरट व्रण होता. तरीही दात काढावा लागला नाही. दंतवैद्याने दाताची धारदार कड घासून गुळगुळीत केली. पंधरवड्यात व्रण भरला आणि तीन-चार महिन्यांत दात घट्ट झाला.

मग काढायचा कधी? दात पुढे-मागे दोन मिलिमीटरहून अधिक हलत असेल, तर तो सुटून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. अशा वेळी काढणेच बरे. कड घासूनही व्रण भरत नसेल, बाळाचे वजन वाढत नसेल, किंवा एक्स-रेत दात जादा असल्याचे दिसले, तरीही काढण्याचा विचार होतो. पण जन्मल्यावर पहिले काही दिवस रक्त गोठवणारे 'के' जीवनसत्त्व बाळाच्या अंगात कमी असते. म्हणून शक्य असल्यास दहा दिवस थांबतात. थांबता येत नसेल, तर जन्मल्यावर 'के'चे इंजेक्शन दिले होते का, हे आधी कार्डावर पाहतात. घरी बाळंतपण झाले असेल तर ते बहुधा दिलेले नसते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दोऱ्याने ओढलेल्या दाताच्या जागी रक्त थांबत नाही ते याचमुळे. शिवाय खाली उरलेल्या कळीतून पुन्हा दातासारखा तुकडा उगवू शकतो. दंतवैद्य ती जागा खरवडून साफ करतो.

कधी दात दिसत नाही, पण हिरडीवर निळसर, मऊ फुगवटी दिसते. वर येणाऱ्या दाताभोवती पाणी साचून ती तयार होते. थोडे रक्त मिसळले की जांभळी-काळी दिसते आणि घरचे घाबरतात. ती सुईने फोडू नये, दाबू नये, तिच्यावर मध-हळद चोळू नये. दात वर आला की ती आपोआप फुटून जाते. ती लाल होऊन दुखू लागली, पू झाला किंवा बाळाला पिता येईना, तरच दंतवैद्य वरचा पापुद्रा कापून दाताला वाट करून देतो.

घरी एवढेच करावे. रोज दूध पाजण्यापूर्वी हात धुऊन दात पूर्वीपेक्षा जास्त हलतो का ते पाहावे, आणि जीभ उचलून खालची बाजू बघावी. दात लटकू लागला, व्रण दिसला किंवा बाळाने पिणे सोडले, तर त्याच दिवशी दवाखान्यात आणावे. दात अचानक नाहीसा झाला आणि बाळ खोकू लागले किंवा त्याला धाप लागली, तर क्षणभरही न थांबता मोठे रुग्णालय गाठावे.