कूपन सोलून काढलेला दर

सरकारी रोखा म्हणजे पुढच्या तारखांच्या रकमांची माळ. प्रत्येक मण्याचा दर वेगळा.

समजा, वर्षभरात १०० रुपये देणारी ट्रेझरी बिल ९४.३४ला मिळते, म्हणजे एक वर्षाचा दर ६ टक्के. शेजारी दोन वर्षांचा, वार्षिक ७ टक्के व्याजाचा रोखा १००ला आहे. त्याच्या पहिल्या ७ रुपयांची आजची किंमत ६.६०. ती वजा केली की ९३.४० उरतात, आणि ते दोन वर्षांनी येणाऱ्या १०७चे मोल. म्हणून तेव्हाच्या १०० रुपयांना आज ८७.२९, दर ७.०४ टक्के. बिनव्याजी रोख्याची रास्त किंमत तीच.

सरसकट ७ टक्के लावले तर ८७.३४ येतात. पाच-सहा पैसे किरकोळ वाटतात, पण कोटीच्या रोख्यावर ते पावणेसहा हजार होतात.

प्रत्यक्षात व्याज सहामाही असते, त्यामुळे पायऱ्या दुप्पट. एखाद्या रोख्याचा भाव शिळा असला, की पुढचे सगळे दर वाकडे येतात. आलेखात मध्येच दात दिसला, तर आधी तो भाव तपासावा.