परतवाड्याच्या आवाहनाची वही

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा धोक्याची पातळी होती ४५ फूट. गणेशोत्सव २ सप्टेंबरपासून होता आणि राज्यभरातल्या अनेक मंडळांनी वर्गणीचा पैसा पूरग्रस्तांकडे वळवला. सापन आणि बिच्छन या नद्यांच्या काठच्या परतवाड्यात एखाद्या तरुण मंडळाने असे आवाहन काढायचे, तर ते कसे असावे, हे त्या अनुभवातून शिकता येते.

पहिला धडा यादीचा. पूरग्रस्तांसाठी जुन्या कपड्यांचे ढीग साचतात आणि ते निवडायलाच माणसे गुंततात. म्हणून आवाहनात ‘जुने कपडे नकोत’ हे ठळक लिहावे. पाणी घरात असताना चूल पेटत नाही, तेव्हा कणीक निरुपयोगी ठरते. त्या दिवसांत मुरमुरे, भाजलेले शेंगदाणे, बिस्किटे आणि पिण्याचे पाणी लागते. पाणी ओसरले की गाळ उरतो. मग फावडी, घमेली, खराटे, फिनाईल आणि रबरी बूट मागावेत. शिधा, भांडी, वह्यापुस्तके त्यानंतर. यादीवर तारीख हवी आणि पूरग्रस्त गावातल्या माणसाला फोनवर विचारून ती बदलत राहावी.

दुसरा धडा पैशाचा. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाकडे जावे लागते. परवानगीत गणेशोत्सव लिहिला असेल, तर पूरनिधीला तीच चालेल असे धरून बसू नये. पावतीपुस्तकाला अनुक्रमांक असावेत, फाटलेली पावती ‘रद्द’ लिहून जागेवरच ठेवावी. मधला एखादा क्रमांक गायब असेल, तर हिशेब तिथेच संशयास्पद होतो. हमालीला बिल मिळत नाही. त्यासाठी हमालाच्या सहीचे व्हाउचर करावे. ट्रकचे भाडे देणगीतून जाणार की वेगळे, हे आवाहनातच सांगून टाकावे, कारण देणाऱ्याला वाटते आपला पैसा डाळीत गेला.

समजा, १०० शिधापिशव्या भरल्या, प्रत्येकीत ५ किलो तांदूळ आणि १ किलो तूरडाळ. दुकानाच्या बिलावर तांदूळ ५ क्विंटल आणि डाळ १ क्विंटलच दिसली पाहिजे. ट्रकवर चढवताना १०० मोजल्या, पण वाटपाच्या सह्या ९७ निघाल्या, तर उरलेल्या ३ कुठे गेल्या याची ओळ हिशेबाच्या वहीत हवी: भिजल्या, फाटल्या की परत आल्या. ही ओळ त्याच संध्याकाळी लिहिली तरच खरी. आठवड्याने कुणाला आठवत नाही.

स्वयंसेवकांचे तासही याच वहीत यावेत. बारा जण चार तास पिशव्या भरत बसले, तर ४८ तास झाले. त्यांचे रुपये करून जमेत धरू नयेत, पण पुढच्या ट्रकला किती माणसे लागतील ते त्यातूनच कळते. रात्रपाळी कुणी केली, हेही तासांच्या नोंदीत दिसते; त्याला सकाळी ट्रकवर पाठवू नये.