पीएच.डी.चा आराखडा समिती कसा वाचते

‘बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या सामाजिक व आर्थिक समस्यांचा चिकित्सक अभ्यास’. महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यापीठात समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्राच्या पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखती सुरू झाल्या की या घडणीची शीर्षकं हमखास समोर येतात. जिल्हा बदलतो, समाजघटक बदलतो, कधी ‘विशेष संदर्भ’ जोडलेला असतो; घडण तीच राहते. अशी शीर्षकं देणारी मुलं अनेकदा त्याच गावांतून आलेली असतात. काहींचे आईवडील स्वतः कोयता घेऊन गेलेले असतात, आणि विषय त्यांना कोणत्याही समिती सदस्यापेक्षा जवळून माहीत असतो. तरीही आराखडा मागे पडतो. असं का होतं, हे याच एका उदाहरणावरून पाहायचं आहे, कारण सामाजिक शास्त्रांतल्या आराखड्याच्या बहुतेक सगळ्या अडचणी त्यात सापडतात.

आधी मुलाखतीचं वजन बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार प्रवेश परीक्षेतून येणाऱ्या उमेदवाराच्या लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. लेखी परीक्षेत चार-दोन गुणांच्या फरकाने एकापाठोपाठ उभे असलेले उमेदवार मुलाखतीत मागेपुढे होतात, आणि मुलाखतीतलं बोलणं बहुतेक आराखड्याभोवतीच फिरतं. समितीने काय तपासावं याबद्दल २०१६ च्या नियमावलीत तीन मुद्दे लिहिलेले होते: या उमेदवारात हे संशोधन करण्याची क्षमता आहे का, ते या संस्थेत होऊ शकेल का, आणि त्यातून ज्ञानात काही भर पडेल का. नियम बदलत गेले, पण समित्या अजूनही मनात हेच तीन प्रश्न धरून वाचतात.

वाचतानाचा क्रम मात्र आराखड्याच्या क्रमासारखा नसतो. विद्यार्थी प्रस्तावना, विषयाचं महत्त्व, पूर्वसंशोधनाचा आढावा, उद्दिष्टं, गृहीतकं, संशोधन पद्धती, मर्यादा, प्रकरण योजना, वेळापत्रक आणि संदर्भसूची असं ओळीने लिहितो. अनुभवी सदस्य शीर्षक वाचून थेट उद्दिष्टांवर जातो, तिथून पद्धतीवर आणि मग वेळापत्रकावर. प्रस्तावनेची दोन पानं शेवटी, वेळ उरला तर. त्यामुळे साखर उद्योगाचा प्रवरानगरपासूनचा इतिहास सांगण्यात खर्च झालेली पानं कुणाच्याच उपयोगी पडत नाहीत.

आता उद्दिष्टं. आपल्या उदाहरणात ती साधारण अशी असतात: कामगारांच्या आर्थिक स्थितीचा अभ्यास करणे, त्यांच्या आरोग्याच्या समस्या जाणून घेणे, मुलांच्या शिक्षणाची स्थिती तपासणे, शासकीय योजनांचा आढावा घेणे, उपाय सुचवणे. ही पाच उद्दिष्टं म्हणजे पाच स्वतंत्र प्रबंध आहेत. आरोग्याचंच घ्या. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली, इतका तो एकटा विषय मोठा आहे. गृहीतक असतं, ‘ऊसतोड कामगारांची आर्थिक स्थिती हलाखीची आहे’. हे खोटं ठरण्याची शक्यताच नाही, आणि जे खोटं ठरू शकत नाही ते तपासायला तीन वर्षं कशाला हवीत? अशा आराखड्यात विषय असतो, प्रश्न नसतो. माझ्या मते नाकारल्या जाणाऱ्या बहुसंख्य आराखड्यांचं दुखणं हेच आहे. भाषा, संदर्भसूची, टंकलेखन या फार पुढच्या गोष्टी.

प्रश्न येतो कुठून? या विद्यार्थ्याकडे तो आधीच असतो, त्याला तो आराखड्यात घालण्याजोगा वाटत नाही इतकंच. त्याला विचारलं की गावात तुला कोणती गोष्ट उलगडत नाही, तर तो सांगेल: एकाच वस्तीवरचे काही कोयते वर्षानुवर्षं एकाच मुकादमाबरोबर जातात, आणि काही दर दोन-तीन हंगामांनी मुकादम बदलतात. इथे कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. ती मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेते, कारखान्याच्या हद्दीत ऊस तोडून ती फेडते, आणि फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. मग कोण टिकतं आणि कोण बदलतं, हे कशावरून ठरतं? डोक्यावरच्या बाकीवरून, नात्यागोत्यावरून, की दुसरा मुकादम जास्त उचल देतो म्हणून? हा झाला प्रश्न. त्याची उत्तरं एकापेक्षा जास्त असू शकतात आणि ती एकमेकांशी भांडतात.

भांडण दिसू लागलं की पूर्वसंशोधनाचा आढावाही सुधारतो. ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही’ हे वाक्य समितीला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते बहुधा खरं नसतं. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी खानदेशातून दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या ऊसतोड कामगारांवर १९७० च्या दशकातच लिहिलं आहे. उचलीने बांधलेल्या मजुरीला त्यांनी नव्या प्रकारची वेठ म्हटलं: जुन्या वेठीसारखी जन्मभराची आणि पिढीजात नाही, पण हंगामापुरता मजुराचा हात बांधून ठेवणारी. दुसरीकडे असंही मांडता येतं की मजुरांची टंचाई वाढली की उचल हे मजुराच्या हातातलं सौद्याचं साधनही होतं. तो जास्त उचल मागतो आणि मिळाली नाही तर दुसरीकडे जातो. आपला विद्यार्थी या दोन म्हणण्यांच्या मधोमध उभा आहे. आढाव्यात त्याने पन्नास पुस्तकांची नावं ओळीने दिली नाहीत तरी चालेल. पाच-सहा अभ्यास घेऊन, ते कुठपर्यंत येऊन थांबतात आणि याचा प्रश्न तिथून कसा पुढे जातो, हे दोन पानांत सांगितलं तर समिती ती पानं वाचते.

पद्धतीच्या भागात सगळ्यात जास्त आराखडे कोसळतात. ‘यादृच्छिक पद्धतीने ३०० कामगारांची निवड केली जाईल’ असं लिहिलेलं असतं. यादृच्छिक निवडीला आधी संपूर्ण यादी लागते, तिच्यातून नावं उचलायची. स्थलांतर करणाऱ्या कोयत्यांची भरवशाची यादी कुठे आहे? ग्रामपंचायतीकडे असलेली नोंद अपुरी निघू शकते. मुकादमाची वही त्याच्याकडेच असते, आणि तिच्यात त्याचीच माणसं असतात. यादी नसेल तर ती स्वतः करावी लागते: दोन गावं निवडायची, घरोघर जाऊन कोण जातं, कुणाबरोबर जातं, किती हंगामांपासून जातं एवढंच टिपायचं, आणि त्या यादीतून मुकादम बदलणारे तीस व न बदलणारे तीस कोयते निवडायचे. गावंही तुलनेच्या हिशेबाने घ्यावीत. एक पाटोद्यासारख्या कोरडवाहू तालुक्यातलं, दुसरं माजलगाव धरणाच्या लाभक्षेत्रातलं. म्हणजे घरची शेती पिकत असेल तर मुकादम बदलण्याची मोकळीक वाढते का, हेही पाहता येईल. दोनच गावं का, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: संपूर्ण जिल्ह्याबद्दल दावा करायचाच नाही, कोणत्या परिस्थितीत काय घडतं ते उलगडायचं आहे.

साठ हा आकडाही हिशेब करूनच यायला हवा. दीड तासाची एक मुलाखत धरली तर नव्वद तासांचं ध्वनिमुद्रण होतं. एक तास ऐकून उतरवून काढायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे साडेचारशे तास. रोज पाच तास बसलं तरी तीन महिने फक्त उतरवून काढण्यात जातील. ३०० सविस्तर मुलाखतींचं आश्वासन देणाऱ्या आराखड्याने हा गुणाकार केलेला नसतो, आणि समितीतला एखादा सदस्य तो जागेवरच करतो.

मग वेळापत्रक. या पानाकडे विद्यार्थी औपचारिकता म्हणून पाहतात, पण माझ्या मते आराखड्यात सगळ्यात प्रामाणिक तेच पान असतं. ‘डिसेंबर ते फेब्रुवारी : गावात मुलाखती’ असं लिहिलेलं दिसलं की कळतं, उमेदवाराने विषय कागदावर बेतला आहे. त्या महिन्यांत कोयते सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा कर्नाटकातल्या फडात असतात आणि गावात म्हातारी माणसं व काही मुलं उरलेली असतात. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. म्हणून यादी मे-जूनमध्ये करायची, उचल ठरते त्या पावसाळ्याच्या अखेरीच्या दिवसांत मुलाखतींची पहिली फेरी, हंगामात एखाद्या टोळीबरोबर फडावर निरीक्षण, आणि परतल्यावर हिशेब होताना दुसरी फेरी. किमान कालावधी तीन वर्षांचा आहे, त्यात सुरुवातीचे महिने कोर्सवर्कमध्ये जातात. एक हंगाम चुकला तर अख्खं वर्ष जातं, ही गोष्ट वेळापत्रकात दिसली पाहिजे.

नैतिकतेचा मुद्दा बहुतेक आराखड्यांत एका वाक्यात संपतो: उत्तरदात्यांची नावं गुप्त ठेवली जातील. इथे ते पुरत नाही. फडावर खोप्या शेजारी शेजारी असतात आणि मुकादम ये-जा करत असतो. त्याच्यादेखत बाकी किती आहे असं विचारलं तर माणूस एक तर खोटं सांगेल, नाही तर अडचणीत येईल. म्हणून पैशाचे प्रश्न गावातच, घरी, आणि नवरा-बायकोला वेगवेगळं विचारायचे. उचल बहुधा पुरुषाच्या हातात पडते. बायकोला आकडा माहीत आहे का, हा स्वतंत्र निष्कर्ष ठरू शकतो. मागच्या पाच हंगामांचे आकडे आठवणीवर विसंबून घेतले तर ते घसरतात. तिथे लग्न, विहीर, दवाखाना अशा घटनांच्या आधाराने वर्ष पक्कं करून घेणार असल्याचं लिहावं. इतका तपशील आला की उमेदवाराला क्षेत्र माहीत असल्याची खात्री समितीला पटते, त्यासाठी ‘मी याच समाजातून आलो’ हे सांगावं लागत नाही. सांगितलं तर त्याची दुसरी बाजूही लिहावी: मुकादम ओळखीचा किंवा भावकीतला असेल तर कोण मोकळं बोलेल, कोण बोलणार नाही.

काही निर्णय मात्र आराखड्याच्या गुणवत्तेवर अवलंबून नसतात. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. जागा रिकामी नसेल, किंवा विभागात श्रम आणि स्थलांतर या विषयांवर काम करणारा गाइडच नसेल, तर उत्तम आराखडाही परत जातो. परदेशी विद्यापीठांत, विशेषतः ब्रिटनमध्ये, हा मुद्दा आणखी आधी येतो. तिथे उमेदवार अनेकदा अर्जापूर्वीच संभाव्य मार्गदर्शकाला पत्र लिहून विचारतो. आपल्याकडेही अर्ज करण्याआधी विभागातल्या शिक्षकांचे लेख वाचून पाहावेत आणि कोणत्या गाइडकडे जागा आहे याची चौकशी करावी. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप ही त्यापुढची वाट आहे आणि त्यांच्या अटी स्वतंत्र असतात.

मुलाखतीत शेवटी एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: कारखान्याने परवानगी नाकारली तर? ‘प्रयत्न करू’ या उत्तराने काम होत नाही. आपल्या विद्यार्थ्याचं उत्तर आराखड्यातच असायला हवं. त्याचा प्रश्न मुकादम आणि कोयता यांच्यातल्या व्यवहाराचा आहे, आणि तो व्यवहार ठरतो व मिटतो गावात. फडावरचं निरीक्षण झालं तर एक प्रकरण अधिक भरीव होईल. झालं नाही तर ते प्रकरण परतलेल्या टोळ्यांच्या हिशेबांवर उभं राहील. कारखान्याकडच्या टनाच्या नोंदी मिळाल्या नाहीत तर कोयत्याने स्वतः जपलेल्या वजनाच्या पावत्या वापरता येतील. त्या सगळ्यांकडे नसतील, हेही त्याने लिहून ठेवावं, आणि साठपैकी किती घरांत त्या आहेत हे यादी करतानाच विचारायचा एक रकाना प्रश्नावलीत वाढवावा.