दोन शिरोरेषांच्या मधली जागा

मराठी मजकूर डोळ्यांना त्रास देतो अशी तक्रार आली की पहिला संशय फॉन्टवर जातो. फॉन्ट बदलला जातो, अक्षर एक पाइंटाने मोठं होतं, आणि त्रास जवळजवळ तेवढाच राहतो. लांब परिच्छेद वाचताना थकवा येतो त्याचं मूळ बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं: दोन ओळींत जागा किती सोडली आहे आणि एका ओळीत शब्द किती कोंबले आहेत. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. एकीला हात लावला की दुसरीकडे बघावंच लागतं.

आधी अंतराचं पाहू. देवनागरी ओळीचे तीन थर असतात. मधला थर शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचा. वाचताना आपलं लक्ष मुख्यतः तिथे असतं. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. पायाखाली उकार, ऋकार, हलन्त आणि खाली लोंबणारी जोडाक्षरं. रोमन लिपीतही काही अक्षरं वर जातात, काही खाली उतरतात, पण त्यांच्या डोक्यावर आणखी काही चढत नाही. आपल्याकडे ‘मूर्तींची’ या शब्दात एकाच ‘त’वर दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघं बसतात. ‘उद्धृत’मध्ये ‘द’च्या खाली ‘ध’ आणि त्याच्याही खाली ऋकार. आता वरच्या ओळीत ‘उद्धृत’ आणि बरोबर त्याच्या खाली ‘मूर्तींची’ आलं, तर वरच्या मजल्यावरचं ओलं धुणं खालच्या गॅलरीत टेकावं तशी गत होते. ऋकाराचं टोक रफाराला टेकतं आणि तो रफार आहे की वरच्या अक्षराचं शेपूट, हे ठरवायला डोळा क्षणभर अडतो. असं पानभर होत राहिलं की वाचणारा थकतो, आणि कशाने थकलो हे त्याला सांगता येत नाही.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात ही टक्कर सहजासहजी होत नसे. ज्या पद्धतीला छापखान्यात ‘डिग्री’ म्हणत, तिच्यात वरच्या मात्रा, मधली अक्षरं आणि खालचे उकार वेगवेगळ्या खिळ्यांतून जुळवले जात. म्हणजे वरचा आणि खालचा थर प्रत्येक ओळीत आपापली जागा धरूनच येई. धातूवर धातू चढत नाही. कॉम्प्युटरवर मात्र अक्षराला अंग नसतं. ओळी कितीही जवळ आणा, एकीवर दुसरी छापली जाते आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही.

म्हणून लेखाची मांडणी ठरवताना एक छोटी परीक्षा घ्यावी. एका ओळीत ‘उद्धृत राष्ट्रकूट शुद्ध हृदय’ असे खाली उतरणारे शब्द टाकायचे, पुढच्या ओळीत ‘मूर्तींची कीर्ती सर्वांनी धर्मैक्य’ असे वर चढणारे. शब्द पुढेमागे सरकवून दोन्हींतले सगळ्यात वाईट शब्द एकाखाली एक आणायचे आणि पान छापून पाहायचं. पडद्यावर मोठं करून पाहिलं तर फट दिसते. छापल्यावर ती शाईत भरून जाते. सगळ्यात वाईट जोडीतही खालच्या टोकात आणि वरच्या चिन्हात स्पष्ट पांढरी फट उरली, तर अंतर पुरेसं आहे. बहुतेक फॉन्टमध्ये हे अक्षराच्या आकाराच्या साधारण दीडपटीला साधतं, म्हणजे १२ पाइंट अक्षराला १८ पाइंटांची ओळ. काहींना थोडं कमी पुरतं, काहींना पावणेदोनपट लागते. डोळ्यांपेक्षा आकड्यावर जास्त भरवसा ठेवू नये.

कारण ‘दीडपट’ हा शब्दच प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळा अर्थ घेऊन येतो, आणि निम्मा घोळ इथेच होतो. इनडिझाइनमध्ये अंतर `Auto` ठेवलं तर ते अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के असतं, फॉन्ट कुठलाही असो. म्हणजे १२ पाइंटाला १४.४. इंग्रजीला हे चालतं. मराठीत ‘उद्धृत’ची परीक्षा इथे हमखास नापास होते. वर्डमध्ये उलटं आहे. तिथे `Single` म्हणजे त्या फॉन्टने स्वतःसाठी मागितलेली जागा, आणि `1.5 lines` म्हणजे त्या जागेची दीडपट. विंडोजबरोबर पूर्वी अनेक वर्षं आलेला, र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ मुळातच बरीच जागा मागतो. त्याला `1.5 lines` लावलं की ओळी एकमेकींपासून तुटून पडतात आणि परिच्छेद पट्ट्यापट्ट्यांचा दिसू लागतो. त्यातच कुठून तरी कॉपी करून आणलेल्या एका शब्दाचा फॉन्ट वेगळा असला, तर तेवढीच ओळ वर-खाली सरकते. वर्डमध्ये काम करायचं तर `Paragraph` मध्ये जाऊन `Line spacing` ला `Exactly` निवडावं आणि पाइंट स्वतः लिहावेत. आकडा फार लहान लिहिला तर पडद्यावर वरच्या वेलांट्या कापलेल्या दिसतात. तेव्हा फॉन्ट खराब आहे असं समजून तो बदलायला जाऊ नये, आकडा वाढवावा.

आता ओळीची लांबी. वाचताना डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही. तो लहान लहान उड्या मारतो, मध्येमध्ये थबकतो, आणि ओळ संपली की एक मोठी उडी मारून डावीकडे पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येतो. देवनागरीत आडवं जाणं तसं सोपं आहे, शिरोरेषा हाताला धरून नेते. परतीची उडी मात्र अवघड. ओळ जितकी लांब तितकी ही उडी लांब, आणि उतरायचं कुठे हे ओळखायला दोन ओळींतली पांढरी पट्टीच मदतीला असते. शिरोरेषा सगळ्या सारख्याच दिसतात, त्यामुळे पट्टी अरुंद असली की डोळा तीच ओळ पुन्हा वाचतो किंवा एक ओळ गाळून पुढे जातो. हे ओळखायची खात्रीची रीत म्हणजे कुणाला तरी परिच्छेद मोठ्याने वाचायला द्यायचा. वाचणारा ओळीच्या सुरुवातीला अडखळू लागला, किंवा नकळत समासावर बोट ठेवू लागला, तर ओळ लांब झाली आहे.

किती लांब चालेल? इंग्रजी मुद्रणकलेच्या पुस्तकांत एका ओळीत ४५ ते ७५ अक्षरं, ६६ सगळ्यात बरी, असं सांगतात. ते आपल्याकडे जसंच्या तसं आणता येत नाही, कारण अक्षर मोजायचं कसं इथूनच प्रश्न आहे. ‘स्त्री’ डोळ्यांना एक अक्षर, कॉम्प्युटरच्या हिशोबात सहा चिन्हं. मी सरळ शब्द मोजतो. सलग वाचायच्या गद्याला दहा ते बारा शब्दांची ओळ सुखाची. सात-आठ शब्दांची ओळही चालते, तेव्हा अंतर थोडं कमी करता येतं. तेराच्या पुढे गेलं तर अंतर वाढवावं लागतं, आणि सोळाच्या पुढे कितीही वाढवलं तरी ओळ सांभाळली जात नाही.

एक उदाहरण करून पाहू. संस्थांच्या स्मरणिकांत नेहमी दिसणारं पान: ए-फोर कागद, चारही बाजूंना एक इंच समास, १२ पाइंट अक्षर, एकच कॉलम, अंतर `Auto`. ओळ जवळजवळ १५९ मिलिमीटर लांब. नेहमीच्या रुंदीच्या फॉन्टमध्ये मराठी शब्द, पुढच्या मोकळ्या जागेसकट, सरासरी साडेनऊ मिलिमीटर घेतो असं धरलं, तर ओळीत सोळा-सतरा शब्द आणि पानावर ४८ ओळी. तीन हजार शब्दांचा लेख चार पानांत मावतो, म्हणूनच अशी मांडणी होते. वाचक दुसऱ्या पानावर सोडून देतो, ते छपाईच्या बिलात दिसत नाही. आता त्याच पानाचे आठ मिलिमीटर अंतराचे दोन कॉलम करू. प्रत्येक कॉलम साडेपंचाहत्तर मिलिमीटरचा, ओळीत आठेक शब्द. ओळ आखूड झाल्यामुळे १७.५ पाइंट अंतर पुरतं, कॉलमला ३९ ओळी येतात, आणि लेख पाच पानांत बसतो. किंमत एका पानाची. तोच लेख डेमी आकाराच्या पुस्तकात, सुमारे १०५ मिलिमीटरच्या एका कॉलमात गेला, तर दहा-अकरा शब्द येतील आणि त्याला १८ ते १८.५ पाइंट द्यावेत.

दोन कॉलमांत एक नवा धोका येतो. आपले शब्द प्रत्यय पोटात घेऊन लांब होतात. ‘महाराष्ट्रातल्यांसाठीसुद्धा’ आलं की निम्मी ओळ संपली. अरुंद कॉलम दोन्ही कडांना सरळ करायचा हट्ट धरला, तर आधीच्या ओळीतले चारच शब्द ताणले जातात आणि पानात उभ्या पांढऱ्या भेगा पडतात. शब्दांमधली फट ओळींमधल्या पट्टीपेक्षा मोठी दिसू लागली की डोळा आडवा जायचं सोडून उभा उतरतो. त्यावर उपाय म्हणून काही ऑपरेटर `Letter Spacing` वाढवतात. तसं केल्यावर शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटते, आणि ओळीवरून डोळ्याला नेणारा आधारच जातो. तिथे आकडा शून्यच हवा. आठ शब्दांच्या कॉलमाला उजवी कड मोकळी सोडलेली बरी. ती अव्यवस्थित दिसते हा समज वृत्तपत्रं बघून झालेल्या सवयीतून आला आहे.

वेबवर ६६ अक्षरांचं सूत्र आणखी एका वाटेने घुसतं. तिथे रुंदी `66ch` अशी लिहिण्याची पद्धत आहे, आणि `ch` म्हणजे `0` या आकड्याची रुंदी. त्या मापाने मराठी ओळीत पंधरा-सोळा शब्द येतात. त्यापेक्षा रुंदी अक्षराच्या आकारातच सांगावी:

```css
.lekh {
  font-size: 18px;
  line-height: 1.7;
  max-width: 27em;
}
```

२७ पटीच्या रुंदीत अकरा-बारा शब्द बसतात. पडदा छापील कागदापेक्षा उजळ, आणि वाचणाऱ्याकडे कुठला फॉन्ट उघडेल याचा भरवसा नाही, म्हणून अंतर दीडपटीपेक्षा सढळ धरलं आहे. मोबाइल उभा धरला तर ओळ आपोआप आठ शब्दांवर येते, तिथे १.६ सुद्धा पुरे. `line-height` ला मात्र `30px` असा ठरावीक आकडा देऊ नये. साठीच्या पुढचे वाचक अक्षर मोठं करून वाचतात; अक्षर २६ पिक्सेलचं झालं आणि ओळ तिसावरच अडकून राहिली, तर ‘उद्धृत’ पुन्हा ‘मूर्तींची’वर जाऊन बसतं. नुसतं `1.7` लिहिलं की अक्षराबरोबर अंतरही वाढतं.