डिप्लोमानंतर चार विभाग : पहिला पगार आणि वरची पायरी

हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा झाल्यावर किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस आणि हाऊसकीपिंग या चारही विभागांत सुरुवातीचा पगार जवळपास सारखाच असतो. त्यामुळे पहिल्या पगारावरून विभाग निवडणे फसवे ठरते. त्यातही नेमणूकपत्रावरचा आकडा आणि हातात येणारी रक्कम वेगळी असते. समजा, पिंपरीतल्या एका बिझनेस हॉटेलने महिना १७,६०० रुपये 'सीटीसी' सांगितला. त्यात १,६०० रुपये हॉटेलने भरायच्या पीएफ आणि ईएसआयचे आहेत. उरलेल्या १६,००० पैकी मूळ पगार ९,००० धरला, तर कर्मचाऱ्याचा पीएफ १,०८०, ईएसआय १२० आणि व्यवसाय कर २०० रुपये कापला जातो. हातात १४,६०० येतात. महिलांना या पातळीवर व्यवसाय कर लागत नाही, म्हणून त्यांना २०० जास्त मिळतात.

यापुढची वाढ दोन तऱ्हांनी होते. दरवर्षी सात टक्के धरले, तर १६,००० चे चार वर्षांनी सुमारे २१,००० होतात. त्याच चार वर्षांत दोनदा बढती मिळाली आणि प्रत्येक वेळी पंचवीस टक्के वाढले, उरलेली दोन वर्षे सात-सात टक्के, तर आकडा २८,६०० च्या घरात जातो. म्हणजे पाहायचे ते हे, की वरची पायरी किती लवकर रिकामी होते आणि ती याच हॉटेलात मिळणार की बाहेर.

किचनमध्ये पायऱ्या सर्वांत जास्त. कॉमी थ्री, टू, वन, मग डेमी शेफ, शेफ द पार्टी, सू शेफ. पहिली वर्षे रेंगाळतात, पण कौशल्य तपासायला सोपे असते. दुसऱ्या हॉटेलात ट्रेड टेस्टला उभे राहून दोन पदार्थ करून दाखवले की पुढचे पद मिळू शकते, आणि किचनमधल्या मोठ्या उड्या बहुधा अशाच नोकरी बदलताना पडतात. धोका असतो तो एकाच जागी अडकण्याचा. वर्ष उलटले तरी कॉमी सॅलडच कापत असेल आणि तंदूर, हॉट रेंज किंवा बेकरीवर त्याची पाळी आली नसेल, तर ट्रेड टेस्टला दाखवण्यासारखे त्याच्याकडे काही साठत नाही. पिंपरी-चाकण पट्ट्यात किचनला दुसरीही वाट आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांवर कँटीनचे बंधन आणले, आणि भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांना हजारोंचे जेवण वेळेवर काढणारी माणसे लागतात. तिथे कलाकुसर कमी. हिशेब, साठा आणि स्वच्छता जास्त. ब्रेक शिफ्टने थकलेल्यांना ती नोकरी मानवते.

सर्व्हिसमध्ये पगाराला टिपची जोड असते, पण चाकण-पिंपरीच्या बिझनेस हॉटेलांत बरीच बिले थेट कंपनीच्या नावे जातात, त्यामुळे टिप बेभरवशाची. बिलात लावलेल्या सर्व्हिस चार्जवरही विसंबता येत नाही. तो सक्तीचा करता येणार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केले. या विभागात खरी वाढ बँक्वेटमधून होते. पाचशे माणसांची परिषद किंवा लग्न सांभाळलेल्या कॅप्टनला रेस्टॉरंट मॅनेजरपदापर्यंतचा रस्ता खुला असतो.

फ्रंट ऑफिसची शिडी अरुंद आहे. शंभर खोल्यांच्या हॉटेलात ड्युटी मॅनेजरच्या जागा मोजक्याच, त्यामुळे नुसते चेक-इन करत राहिल्यास पगार तिथेच अडकतो. मात्र नाइट ऑडिट, दर ठरवण्याचे काम किंवा विक्री शिकलेला माणूस रेव्हेन्यू आणि सेल्समध्ये सरकतो, आणि विभागातला चांगला पैसा तिथेच आहे. चाकणला जर्मन आणि जपानी कंपन्यांचे पाहुणे महिनोन्‌महिने राहतात. म्हणून पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी यांपैकी एक भाषा शिकणे इथे खरोखर उपयोगी पडते.

हाऊसकीपिंगला विद्यार्थी सर्वांत शेवटी हात लावतात, आणि हा या निवडीतला मोठा गैरसमज आहे. काम अंगमेहनतीचे आहे. एका पाळीत चौदा-पंधरा खोल्या उरकाव्या लागतात. पण इच्छुक कमी असल्याने डिप्लोमाधारकाला सुपरवायझरची जागा लवकर मिळण्याची शक्यता असते. शिवाय हे कौशल्य हॉटेलपुरते बांधलेले नाही. पिंपरीच्या संत तुकाराम नगरातच यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि डी. वाय. पाटील रुग्णालय ही दोन मोठी रुग्णालये आहेत. लिननचा हिशेब, रसायनांचे प्रमाण, पाळ्यांचे वेळापत्रक ही कामे अशा रुग्णालयांना, आयटी इमारतींना आणि कारखान्यांना रोज लागतात. तिथे जाताना मात्र एक गोष्ट तपासावी : नेमणूक संस्थेची आहे की ठेकेदाराची. ठेका बदलला की ज्येष्ठता शून्यावर येऊ शकते, आणि चार वर्षांत चढलेली पायरी पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते.