बाकी ६,६०० रुपये

१ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका माणसाने दुसऱ्याला पैशांची ‘रिक्वेस्ट’ पाठवायची सोय बंद झाली. ठगांनी त्या सोयीचा पुरता बाजार मांडला होता. पैसे येणार आहेत असं भासवून माणसाला पिन दाबायला लावायचं आणि त्याचंच खातं रिकामं करायचं. बंद झाली ते योग्यच. पण बोईसरमध्ये वायरिंग करणाऱ्या माझ्यासारख्याकडे बाकी मागायला पुन्हा चार ओळींचा व्हॉट्सअ‍ॅप निरोपच उरला.

व्हॉट्सअ‍ॅपआधीची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. डायरीत नाव, पुढे आकडा, आणि रविवारी सकाळी दारात उभं राहायचं. चहा मिळायचा, कधी पैसेही. मला सांगायचंय ते २०१४ नंतरच्या वर्षांबद्दल. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका आल्या. निरोप वाचला गेलाय हे दिसू लागलं, आणि वाचूनही गप्प बसणारी माणसं तेव्हाच नीट ओळखीची झाली. २०१६ची नोटाबंदी आली तेव्हा पहिले काही आठवडे गिऱ्हाइकाकडे खरंच रोकड नव्हती. पुढे मार्चपर्यंत तेच कारण सांगणारेही भेटले.

पालघरच्या एका बंगलेवाल्याने तर काम झाल्यावर आठ महिन्यांनी हजार रुपये कापले. म्हणे, गिझरला वायर बारीक टाकलीत. वायर भिंतीत, वर प्लास्टर, त्यावर टाइल, दाखवणार काय? तेव्हापासून झिरी बुजवण्याआधी मी फोटो काढतो. वायरवर छापलेलं ‘२.५ चौरस मिमी’ त्यात वाचता आलं पाहिजे.

आता निरोप कसा असतो तो बघा. तारापूर एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका काकांकडे गिझरची वेगळी लाइन ओढली, डीबी बदलली. पाठवलं ते असं:

‘नमस्कार काका. मी वायरमन. तुमच्याकडचं गिझर लाइन आणि डीबीचं काम १८ तारखेला पूर्ण झालं. एकूण १४,६०० रुपये, आगाऊ मिळाले ८,०००, बाकी ६,६००. बिल आणि आतल्या वायरचा फोटो सोबत आहे. सोयीने याच नंबरवर पाठवलेत तर बरं होईल. कामात काही खटकत असेल तर सांगा, येऊन बघतो.’

यात घरच्या अडचणींचं रडगाणं नाही. ‘गरज आहे’ म्हटलं की गिऱ्हाईक दया दाखवायची की नाही याचा विचार करत बसतं. हिशोब समोर ठेवला की फक्त देणं उरतं. आगाऊ रक्कम आपणच लिहावी, म्हणजे ‘मी दिले होते ना?’ हा फाटा फुटत नाही. शेवटची ओळ मुद्दाम आहे. बाकी अडण्याचं खरं कारण बऱ्याचदा एखादा सैल स्विच असतो आणि माणूस संकोचाने बोलत नाही. पाच मिनिटांत स्क्रू आवळला की पैसे सुटतात.

वेळही बघावी लागते. जुन्या वेतन कायद्याने पगार ७ तारखेपर्यंत, हजार किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात १० तारखेपर्यंत व्हायचा. त्यामुळे काम १८ला झालं तरी हा निरोप मी ८ला पाठवला, तोही संध्याकाळी. पहिल्या पाळीचा माणूस तोवर जेवून-झोपून उठलेला असतो. आधी नुसतं ‘हाय’ टाकून वाट बघत बसायचं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तर चुकूनही नाही. तिथे आठवण केली की पैसे एखाद वेळेस येतात, पण त्या इमारतीतलं पुढचं काम जातं. चार दिवस उत्तर नाही तर दुसरा निरोप न टाकता सरळ फोन करतो.

काकांचे पैसे दुसऱ्या दिवशी आले. सगळे असे नसतात. अलीकडे ‘पेमेंट झालं’ म्हणून स्क्रीनशॉट येतो आणि खात्यात काही नसतं. असा फोटो हवा तसा बनवता येतो. मी आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा बघतो. दिसली नाही तर व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर मागतो. खरा असेल तर तो त्यांच्याकडे असतोच.

पण सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते अंगठ्याने. हिशोबाखाली नुसता 👍. दिले, देतो, की वाचलं? रविवारी दारात निदान ‘पुढच्या आठवड्यात या’ एवढं तरी ऐकू यायचं. पैसे नसतील तर नसतील, आम्हीही संसारी माणसं आहोत. फक्त अंगठ्याऐवजी तारीख लिहा.