बिल आले, पण खर्च कोणाचा?

क्लाउडवर काम करणाऱ्या कंपनीच्या हिशेबनिसाकडे दर महिन्याला एक पीडीएफ येते. अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसचे, म्हणजे एडब्ल्यूएसचे बिल असेल तर त्यात सेवांची नावे असतात, प्रत्येकीपुढे रक्कम असते आणि खाली १८ टक्के जीएसटी. बेरीज अचूक असते. तरीही मालकाने विचारले, की यातले शाळेच्या फीच्या अ‍ॅपसाठी किती गेले, तर त्या कागदात उत्तर सापडत नाही. विकणाऱ्याने आपल्या दुकानातल्या मालाप्रमाणे बिल केलेले असते. तो माल आपण कोणत्या कामाला लावला हे त्याला ठाऊक नसते आणि आपण सांगितल्याशिवाय कळणारही नाही. ते सांगण्याची सोय म्हणजे टॅग.

पण आधी बिल वाचता यायला हवे. पीडीएफ बाजूला ठेवून बिलिंगच्या पानावरचा किंवा `Cost Explorer` मधला तपशील उघडावा. तिथे खर्च ‘वापराच्या प्रकारा’नुसार पाहिला, की अशा ओळी दिसतात:

```
APS3-BoxUsage:t3.medium         1,488 Hrs
APS3-EBS:VolumeUsage.gp3          250 GB-Mo
APS3-NatGateway-Bytes           6,700 GB
```

सुरुवातीचे `APS3` म्हणजे मुंबईचे डेटा सेंटर. `BoxUsage` म्हणजे तासाच्या दराने चालवलेले यंत्र आणि `t3.medium` हा त्याचा आकार. ३१ दिवसांच्या महिन्यात ७४४ तास असतात, म्हणून १,४८८ तासांचा सरळ अर्थ असा, की दोन यंत्रे महिनाभर अखंड चालू होती. त्यातले एक फक्त चाचणीसाठी घेतलेले असेल आणि कामाची वेळ दिवसाला दहा तास असेल, तर पैसे कुठे गळतात हे टॅगशिवायही कळते. दुसऱ्या ओळीतले २५० जीबी-महिने म्हणजे २५० जीबीची डिस्क महिनाभर, किंवा ५०० जीबीची अर्धा महिना. डिस्कचे पैसे ती किती भरली यावर नव्हे, किती मोठी मागितली यावर लागतात.

एक छोटी खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. ओळीच्या सुरुवातीला असे कोणतेच अक्षर-अंक नसतील आणि नुसतेच `BoxUsage:t3.medium` असेल, तर ते यंत्र अमेरिकेतल्या व्हर्जिनियात चालले आहे. तुमचे सगळे काम मुंबईत असेल आणि अशी ओळ दिसली, तर कोणीतरी प्रदेश न बदलता यंत्र सुरू केले आणि विसरून गेले, अशीच शक्यता जास्त.

आता टॅग. टॅग म्हणजे यंत्राला, डिस्कला किंवा साठवणीच्या बकेटला चिकटवलेली दोन शब्दांची जोडी: एक शीर्षक आणि एक मूल्य. `Project` हे शीर्षक, `shala` हे मूल्य. चिकटवायला मिनिट लागत नाही, पण तेवढ्याने बिलात काहीच बदल होत नाही आणि नवखे लोक नेमके इथेच अडतात. कंपनीच्या ज्या मुख्य खात्यातून पैसे भरले जातात, तिथे बिलिंगच्या पानावर जाऊन ते शीर्षक खर्चवाटपासाठी चालू करावे लागते. टॅग लावल्यावर शीर्षक त्या यादीत उगवायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो आणि चालू केल्यावर प्रत्यक्ष दिसायला आणखी तेवढाच. शिवाय टॅग मागचा हिशेब बदलत नाही. १५ तारखेला टॅग लावला, तर त्याच यंत्राचे १ ते १४ तारखेचे पैसे बिनटॅगचेच राहतात. चालू करायचे राहून गेले असेल, तर आता बारा महिन्यांपर्यंत मागे जाऊन ते भरून घेता येते. मात्र त्या काळात टॅग यंत्रावर असायला हवा होता. नव्हता, तर काही उपाय नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. आकडे कल्पित आहेत, पण गुंता खराच आहे. पुण्यातल्या एका लहान कंपनीची तीन कामे आहेत: शाळांची फी (`shala`), दवाखान्यांच्या वेळा (`davakhana`) आणि शेतमालाचे फोटो व भाव दाखवणारा बाजार (`bazar`). महिन्याचे बिल कर धरून ४,७२,००० रुपये आले. त्यातले ७२,००० जीएसटीचे. बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक असेल आणि त्या कराचे क्रेडिट मिळत असेल, तर तो प्रकल्पांवर टाकायचे कारण नाही. म्हणजे वाटायचे आहेत ४,००,०००.

`Cost Explorer` मध्ये `Project` या टॅगप्रमाणे गट पाडल्यावर `shala` पुढे १,५०,००० दिसले, `davakhana` पुढे ७०,००० आणि `bazar` पुढे ६०,०००. उरलेले १,२०,००० एका चौथ्या ओळीत होते: `No tag key: Project`. बिलाचा तीस टक्के भाग बेवारस! बऱ्याच कंपन्या इथे थांबतात आणि ही रक्कम तिन्ही कामांवर सारखी वाटून मोकळ्या होतात. माझ्या मते खरे वाचन या चौथ्या ओळीपासून सुरू होते. ती फोडून पाहिली, तर तिच्यात तीन अगदी वेगळ्या गोष्टी निघतात.

पहिली निव्वळ लिहिण्यातली चूक. ४०,००० रुपयांच्या यंत्रांवर टॅग होता, पण शीर्षक `Project` ऐवजी `project` असे लिहिलेले. आपल्या डोळ्यांना दोन्ही एकच. एडब्ल्यूएसच्या लेखी ती दोन वेगळी शीर्षके आहेत आणि दुसरे कोणी चालूच केले नव्हते. ते चालू करून मागचे भरून घेतल्यावर कळले, की यातले ३०,००० दवाखान्याचे आणि १०,००० शाळेचे. मूल्यांच्या बाबतीतही हाच घोळ होतो. `shala`, `Shala` आणि `shaala` अशा तीन ओळी होतात आणि प्रत्येक प्रकल्प आपापल्या जागी स्वस्त दिसतो. दुरुस्ती धरली, की शाळेचे १,६०,०००, दवाखान्याचे १,००,००० आणि बाजाराचे ६०,००० होतात.

दुसऱ्या भागात १६,००० रुपये होते. त्या जुन्या डिस्क आणि त्यांच्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट. यंत्राला लावलेला टॅग त्याच्या डिस्कवर आपोआप उतरेलच असे नाही, त्यासाठी यंत्र ज्या साच्यातून तयार होते त्यातच डिस्कचाही टॅग लिहून ठेवावा लागतो. त्यातून यंत्र काढून टाकले, की त्याची मूळ डिस्क सहसा त्याच्याबरोबर जाते, पण वर जोडलेल्या जादा डिस्क तशाच मागे राहतात आणि महिन्यामागून महिने पैसे खातात.

तिसरा भाग ६४,००० रुपयांचा आणि खरोखरच सामाईक. नोंदी साठवणे, देखरेख आणि सपोर्टचे शुल्क मिळून २८,००० आणि नॅट गेटवेचे ३६,०००. नॅट गेटवे म्हणजे कंपनीच्या आतल्या, बाहेरून न दिसणाऱ्या यंत्रांना इंटरनेटवर जाण्यासाठी ठेवलेले दार. दार एकच आणि त्यातून तिन्ही प्रकल्पांची ये-जा. त्याच्यावर टॅग लावता येतो, पण कोणाचा लावणार? टॅग वस्तूवर लागतो, वस्तूच्या वापरावर लागत नाही. या पद्धतीची हद्द इथे संपते.

अशा सामाईक रकमेसाठी एडब्ल्यूएसच्या `Cost Categories` मध्ये वाटणीचे तीन नियम आहेत: सारखी, ठरवून दिलेल्या टक्क्यांनी, किंवा ज्याच्या त्याच्या थेट खर्चाच्या प्रमाणात. सोसायटीच्या पंपाचे वीजबिल फ्लॅटमागे सारखे घ्यायचे की क्षेत्रफळावर, हा जुनाच वाद. बहुतेक ठिकाणी प्रमाणाचा नियम निवडतात, कारण तो न्याय्य वाटतो. आपल्या उदाहरणात थेट खर्च ३,२०,०००, त्यात शाळा निम्मी. म्हणून ६४,००० पैकी शाळेवर ३२,०००, दवाखान्यावर २०,००० आणि बाजारावर १२,००० येतात. बाजाराचा एकूण खर्च ७२,००० ठरतो.

पण नॅटच्या दोन ओळी वेगवेगळ्या वाचल्या, की हे चित्र हलते. `NatGateway-Hours` चे फक्त ४,००० होते. दार उघडे ठेवल्याचे ते भाडे. उरलेले ३२,००० `NatGateway-Bytes` चे, म्हणजे दारातून गेलेल्या मालाचे. हा माल कोणाचा हे बिल सांगत नाही, पण नेटवर्कच्या नोंदी, ज्यांना फ्लो लॉग म्हणतात, त्या सांगतात. कोणत्या यंत्राच्या पत्त्यावरून किती बाइट गेले ते त्यात असते आणि यंत्रावर प्रकल्पाचा टॅग असतोच. तपासल्यावर दिसले, की तीन चतुर्थांश वाहतूक बाजाराची आहे. म्हणजे २४,००० त्याचे, बाकी दोघांचे चार-चार हजार. उरलेली सामाईक रक्कम, म्हणजे दाराचे भाडे धरून ३२,०००, तेवढी प्रमाणात वाटली: १६,०००, १०,००० आणि ६,०००. आता शाळा १,८०,०००, दवाखाना १,१४,००० आणि बाजार ९०,०००. सोयीच्या नियमाने ७२,००० चा दिसणारा प्रकल्प प्रत्यक्षात एकचतुर्थांशाने महाग निघाला आणि त्याचा काही भार शाळा गुपचूप वाहत होती.

प्रत्येक सामाईक रुपयासाठी एवढी उठाठेव करू नये. २८,००० च्या नोंदी आणि सपोर्टचा कोण किती वाटेकरी हे शोधण्यात अभियंत्याचे दोन दिवस गेले, तर वाचले काय? मोठी ओळ मोजावी, बारीकसारीक प्रमाणाने वाटावी.

नॅटची ओळ मोजल्याचा आणखी एक फायदा झाला. बाजाराची ती वाहतूक खरे म्हणजे इंटरनेटवर जातच नव्हती. फोटो मुंबईतल्याच एस-थ्री साठवणीत होते आणि यंत्रे ते नॅटच्या दारातून फेरा मारून आणत होती. त्याच प्रदेशातल्या एस-थ्रीसाठी `Gateway Endpoint` नावाची आतली वाट मिळते आणि तिला पैसे पडत नाहीत. ती जोडून राउट टेबलमध्ये नोंदवली, की फोटोंची ये-जा त्या वाटेने होते आणि `NatGateway-Bytes` चा आकडा दुसऱ्या दिवसापासून खाली येतो. `Cost Explorer` दिवसाचा हिशेब दाखवतो, त्यामुळे महिना संपायची वाट पाहावी लागत नाही.

राहिले ते बेवारस डिस्कचे १६,०००. ते कोणत्याही प्रकल्पावर टाकू नयेत, कारण एकदा वाटणीत मुरले की कोणी विचारत नाही. अहवालात त्यांची वेगळी ओळ ठेवावी, पुढे पायाभूत यंत्रणा सांभाळणाऱ्याचे नाव लिहावे आणि पुढच्या बिलापर्यंत त्याने प्रत्येक डिस्कचा मालक शोधावा किंवा ती काढून टाकावी. पुन्हा तशी भर पडू नये म्हणून `Project` टॅगशिवाय यंत्र वा डिस्क तयारच होऊ न देणारा नियम मुख्य खात्यातून लावता येतो. पहिल्या आठवड्यात त्यावर अभियंत्यांची कुरकुर होते. तेवढी ऐकून घ्यावी, नियम मात्र काढू नये.